खो-खोच्या हंगामात लेक वही घेऊन बसते. हा पीटीचा तास का कारकुनी?

सातवीची_आई
कोल्हापुरात मुलगी सातवीत आहे. शाळेत यंदा खो-खोचा 'हंगाम' सुरू केलाय. वर्गाचे सहा संघ, प्रत्येकात कप्तान, पंच, वेळ बघणारा, आकडे लिहिणारा. आमच्या बाईसाहेब आकडे लिहिणाऱ्या. घरी येते ती कोरडी ठणठणीत, वहीत सेकंद मांडलेले. आठवड्याला पीटीचे तास दोनच, त्यातही बसूनच राहायचं असेल तर याला खेळ म्हणायचं का? कुणी शिक्षक असतील तर सांगा.

पेठेतला_मामा
ताई, बरोबर बोललात. आमच्या टायमाला सर शिट्टी मारायचे, आम्ही पळायचो, विषय संपला. खासबागेत कुस्तीला पंच कोण असतो बघा. त्यानं आधी निम्मं आयुष्य तांबड्या मातीत काढलेलं असतंय, म्हणून त्याच्या शब्दाला वजन. आणि हितं बारा वर्षांच्या पोराच्या गळ्यात शिट्टी! दोस्ताला फाऊल देईल व्हय ते? भांडणं लागणार आणि तास वाया जाणार.

रंकाळ्याचा_वारा
या कामाचे दहावीला वाढीव क्रीडा गुण मिळतात का? माझा मुलगा पळण्यात कच्चा आहे, पण हिशोबात पक्का.

मैदानावरचे_सर
नाही हो, ते गुण स्पर्धांमध्ये खेळणाऱ्यांसाठी असतात. इथे वर्गातल्या तासाची गोष्ट चाललीये.

ताई, मी क्रीडाशिक्षक आहे आणि तीन वर्षं हाच प्रकार करतोय. आधी मुलीला एवढंच विचारा, की ती सगळा तास लिहिते का तासातला काही भाग. सगळा तास लिहीत असेल तर तुमची तक्रार रास्त आहे, आणि चूक सरांच्या वेळापत्रकात आहे. ही पद्धत अमेरिकेतल्या डॅरिल सीडेनटॉप यांची. त्यात प्रत्येक मूल आधी खेळाडू असतं आणि वर एक जबाबदारी घेतं. कमजोर पोराला वही देऊन कडेला बसवणं त्यात मुळीच बसत नाही.

पहिल्या वर्षी मीही हेच बिघडवलं होतं. वर्ग 42 चा, सहा संघ सात-सात जणांचे. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं म्हणजे 15 सामने. दोन मैदानं आखली, तासाला दोन सामने, आठ तासांत साखळी पूर्ण. कागदावर झकास. प्रत्यक्षात प्रत्येक संघ आठांपैकी पाचच तास खेळला. उरलेले तीन तास पोरं पंचगिरी करत होती नाहीतर कट्ट्यावर शेंगा खात होती.

दुसऱ्या वर्षी एका मैदानावर तीन संघ दिले. पहिला-दुसरा खेळतात, तिसरा कामावर. मग दुसरा-तिसरा खेळतात, पहिला कामावर. मग तिसरा-पहिला. डाव तीन मिनिटांचा, दोन्ही संघांचा एक-एक डाव, मध्ये अदलाबदल, म्हणजे सामना आठ मिनिटांत. 35 मिनिटांच्या तासात वर्गातून मैदानावर येण्यात आणि हजेरीत आठेक मिनिटं जातात, उरलेल्या 27 मध्ये असे तीन सामने जेमतेम बसतात. संघ आठ मिनिटं कामावर, सोळा मिनिटं खेळात. पूर्वी मी सगळ्या वर्गाचा एकच खो-खो घ्यायचो तेव्हा नऊ-नऊचे दोन संघ, बाकी 24 पोरं भिंतीला टेकून. तेव्हा घाम किती जणांना यायचा, मामा, तुम्हीच सांगा.

पेठेतला_मामा
भिंतीला टेकणाऱ्यांत आम्हीपण होतो, ते कबूल. पण शिट्टीचं काय ते बोला की.

मैदानावरचे_सर
शिट्टीचं तुमचं निम्मं बरोबर आहे. पहिल्याच तासाला पंच केलं तर बोऱ्या वाजतो. मी हंगाम 18 तासांचा धरतो. पहिले चार सरावाचे, पुढचे तीन सराव सामन्यांचे, त्यांचे गुण धरत नाही. तिथेच पंच घडतात. आणि शिट्टी फक्त चार फाऊलांवर: मध्यरेषा ओलांडली, खांबाला पोचण्याआधी उलटा फिरला, खो पाठीमागून दिला नाही, खो मिळायच्या आत उठला. बाकीचं पुढच्या वर्षी.

दोस्ती आड येतेच. पंचांचा कल कुठे आहे हे मला फाऊलांच्या पत्रकातून कळतं. एकाच पंचाच्या सलग सामन्यांत एका संघाला सहा आणि दुसऱ्याला शून्य फाऊल दिसले की मी पुढच्या सामन्याला त्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. बोलत काहीच नाही. एवढ्यानं बहुतेक वेळा भागतं.

दुसरं म्हणजे कामाला गुण आहेत. जिंकल्याचे दोन, बरोबरीचा एक. कामावरच्या संघाने पत्रक पूर्ण दिलं आणि खेळताना पंचाशी हुज्जत घातली नाही तर त्याचेही दोन. पहिल्या वर्षी एकच ठेवला होता, तेव्हा पंच पाणी प्यायला गेलेले सापडायचे.

पेठेतला_मामा
म्हणजे हरून पण चांगलं वागलं की जिंकल्यासारखंच? शाहू स्टेडियमवर असं सांगून बघा, पब्लिक हसून बेजार होईल.

मैदानावरचे_सर
स्टेडियमवर पब्लिक तिकीट काढून येतं मामा. माझ्या तासाला येतात त्यातल्या निम्म्यांना खो-खो आवडतसुद्धा नाही.

जुनी_कप्तान
आम्ही नववीत असताना असाच हंगाम झाला होता. सहाच्या सहा कप्तान मुलगे आणि आकडे लिहायला सहाच्या सहा मुली, कारण 'तुमचं अक्षर चांगलं'. मी तेव्हा जिल्ह्याला खेळत होते आणि आमच्या संघात वही माझ्या हातात! शेवटच्या चार तासांना भांडून कप्तान झाले, आयडीचं नाव तिथूनच. सातवीची_आई, तुमच्या मुलीला ते काम कुणी दिलं हे बघा. तिने मागितलं असेल तर वेगळं.

मैदानावरचे_सर
ताई, हे माझ्याकडेही झालंय, नाकारत नाही. आता चार तासांनी कामं फिरवतो, आणि संघात एक फेरी मुलगा कप्तान असेल तर पुढच्या फेरीत मुलगी. पण त्याचा तोटाही आहे. आकडे लिहायला हात बसेपर्यंत तीन तास जातात, आणि चौथा संपला की मी वही काढून घेतो. यावर मला चांगला तोडगा सापडलेला नाही.

हिशोबी_पोरगं
मी कॉलेजात स्टॅट शिकतो. सर, तीन मिनिटांच्या डावाचे आकडे लिहून नेमके काय दिवे लागतात? एवढ्याशा आकड्यांतून काही निघत नाही.

मैदानावरचे_सर
गेल्या वर्षीचं एक पत्रक सांगतो. संघांची नावं पोरांनीच ठेवलेली, हा 'पन्हाळा' संघाचा बचाव. मैदान आखूड, म्हणून सहाच खेळतात, तिघा-तिघांच्या दोन तुकड्यांत. रोज एखादा गैरहजर असतोच. नसला तर सातवा आळीपाळीने बाहेर. गडी बाद झाले 20 सेकंदाला, 45 ला आणि 1 मिनिट 10 ला. पहिली तुकडी संपली. दुसरीतले 1.30 ला आणि 2.05 ला. शेवटची मुलगी डाव संपेपर्यंत नाबाद.

घड्याळ म्हणाल तर विज्ञान प्रयोगशाळेतलं, लंबकाच्या प्रयोगाचं, सही करून आणलेलं. मोबाइल शाळेत चालत नाही. एक जण 'बाद' म्हणून आरोळी मारतो, दुसरा वेळ लिहितो.

लिहिणाऱ्या मुलीने बचावाच्या वेळा मांडल्या 20, 45 आणि 70 सेकंद, पुढे 20, 55 आणि 110. बेरीज 5 मिनिटं 20 सेकंद. डाव तीन मिनिटांचा! तिथे वर्ग हसला, आणि तिथेच खरा तास झाला. तिने तुकडी आत आल्यापासून मोजलं होतं. खो-खोच्या पत्रकात वेळ मोजतात आधीचा गडी बाद झाल्यापासून. तसं केलं की 20, 25, 25, 20, 35, 55. बेरीज बरोबर तीन मिनिटं. आता माझ्या वर्गात नियमच आहे, बेरीज डावापेक्षा जास्त भरली की पत्रक परत.

कप्तानाने त्यावरून 55 सेकंदवालीला पुढच्या सामन्यात पहिल्या तुकडीत घातलं. ती तुकडी 1 मिनिट 50 सेकंद टिकली, आधीची 1.10 टिकली होती.

हिशोबी_पोरगं
पण प्रतिस्पर्धी वेगळा होता ना? त्यांचा धावणारा ढिला असेल तर? 40 सेकंदांचा फरक कप्तानाच्या हुशारीचा म्हणता येणार नाही.

मैदानावरचे_सर
नाही म्हणता येणार. त्यात आणखी एक, तीन-तीनच्या फिरतीत सगळ्यांचे सामने तेवढेच होतात, पण कोण कुणाशी किती वेळा खेळलं ते सारखं राहत नाही. एखाद्या संघाला तगडा संघ चारदा भेटतो, दुसऱ्याला दोनदा. गुणतक्त्यात ही खोट राहतेच. मी ती पोरांना आधीच सांगतो, मग शेवटच्या दिवशी रडारड कमी होते.

जुनी_कप्तान
मला त्या 70 सेकंदवालीचं पटलं नाही. पहिल्या तुकडीत ती शेवटपर्यंत आत होती. नियमाने तिच्या नावावर फक्त 25. पहिली पंचेचाळीस सेकंद ती काही झोपली नव्हती. खांबाजवळ राहून धावणाऱ्याला हुलकावण्या देत असेल, म्हणून तर दुसऱ्यांवर वेळ गेला.

मैदानावरचे_सर
नेमकं हेच ती लिहिणारी मुलगी म्हणाली होती. तिच्या मते दोन्ही रकाने ठेवायला हवेत. कप्तान म्हणाला एकच ठेव, गोंधळ होतो. त्या दोघांचं मिटलं नाही, आणि मला विचाराल तर माझंही मत अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

पेठेतला_मामा
दोन रकाने ठेवा की राव. आमच्या वेळी खांबावर हुलकावणी देणाऱ्याला कुणी इचारलंच न्हाई, नाव नेहमी पळणाऱ्याचं. मी हुलकावणीवाला होतो.

सातवीची_आई
विचारलं मुलीला. काम तिने मागून घेतलंय. पण मैदान एकच आखलेलं आहे आणि तासाला एकच सामना होतो, त्यामुळे गेल्या चार तासांत ती एकदाच खेळली. सरांची ती तीन संघांची फिरती कागदावर लिहून उद्या शाळेत घेऊन जाते. आणि मामा, तुमचा रकाना तिच्या वहीत आधीपासून आहे, तिने त्याला 'आत राहिली' असं नाव दिलंय.