मदत हवी आहे: दिवाळीत लहान मुलांचं क्लिनिक बंद, बुक झालेल्या लसी अलीकडे घेऊ की पलीकडे ढकलू?

रजिस्टरवाली ताई
नमस्कार मंडळी, मी साताऱ्यात एका लहान मुलांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला आहे. यंदा सर घरच्यांना घेऊन बाहेरगावी चाललेत, त्यामुळे सोमवार २० ऑक्टोबर ते शुक्रवार २४ क्लिनिक बंद. काल निघता निघता सांगून गेले की नोटीस लाव, ज्यांच्या अपॉइंटमेंट आहेत त्यांना आधी किंवा नंतर दे, आणि इमर्जन्सीला काहीतरी नंबर टाक. हे जे "काहीतरी" आहे ना तेच मला छळतंय.

मागच्या वर्षी मी लिहिलं होतं "दिवाळीनिमित्त क्लिनिक पाच दिवस बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व" आणि खाली माझाच मोबाईल. भाऊबीजेला माहेरी, पाटावर भाऊ बसलाय, हातात ताट, आणि फोन की बाळाला १०२ ताप आहे, औषध किती थेंब देऊ. मी काय सांगणार? वर पहिल्या दिवशी दारात आठ-दहा जण येऊन शटर बघून गेले कारण मेसेज पोचलाच नव्हता.

आता रजिस्टरमध्ये त्या पाच दिवसांत १७ नावं आहेत, त्यातली १२ लसीची. माझा प्लॅन असा की सगळ्यांना शनिवारी १८ला बोलवायचं, एका दिवसात उरकतं. बरोबर आहे का? आणि नोटीस कशी लिहू?

आकाशकंदील७७
ताई घाबरू नका, बाळाला १०२ ताप आहे तर कपडे सैल करा, कोमट पाण्याने अंग पुसा आणि जवळच्या हॉस्पिटलला दाखवा. क्लिनिक बंद असलं तरी सिव्हिल चालू असतं.

रजिस्टरवाली ताई
अहो दादा ते मागच्या वर्षीचं बाळ, आता चालायला लागलंय 😅

पुणेरी बाबा (दोन मुलींचा)
१८ला बोलवा बिनधास्त. लस ४ दिवस आधी दिली तरी चालते, हे आमच्या डॉक्टरांनीच सांगितलेलं, म्हणजे २२च्या सगळ्या १८ला बसतात. आणि मेसेजचं म्हणाल तर व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एका टिचकीत सगळ्यांना जातो.

निवृत्त सिस्टर
बाबा, अर्धं बरोबर सांगताय. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाला तीस वर्षं काढलीत म्हणून जरा लांबलचक लिहिते.

चार दिवसांची सूट ही चूक झाली तर सांभाळून घ्यायला आहे. म्हणजे कुणाला तारीख चुकून लस आधी दिली गेली आणि ती चार दिवसांच्या आत असेल तर तो डोस मोजायचा, परत द्यायचा नाही. पण आपणच नोटीस लावून मुद्दाम आधी बोलवायचं हा त्याचा उपयोग नाही. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, तिच्या दोन डोसांत कमीत कमी चार आठवडे हवेत. उशीर झाला तर पुढचा डोस तिथूनच द्यायचा, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. म्हणून लसीच्या बाबतीत मी साधा नियम धरायचे, शंका असली तर पलीकडे ढकला, अलीकडे ओढू नका. याला अपवाद आहेत पण ते तुमच्या रजिस्टरमध्ये आहेत का बघावं लागेल. सगळ्यांची नाही, दोन-तीन उदाहरणं टाका ना, जन्मतारीख आणि आधीचा डोस कधी दिला ते. नावं नको.

रजिस्टरवाली ताई
सिस्टर थँक्यू, कार्डं काढूनच बसले.
एक बाळ, सहा आठवड्यांची लस २४ सप्टेंबरला झालीय, दुसरी २२ ऑक्टोबरला म्हणजे पाडव्याला येतेय.
दुसरं, २१ जानेवारीचा जन्म, नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस २१ ऑक्टोबरला.
तिसरं जरा विचित्र आहे, १० जुलैचा जन्म, आई बाळंतपणानंतर बरेच दिवस गावी होती, एकही लस नाही (जन्माच्या वेळच्या सोडून). आता फोन आला म्हणून मी २० तारीख दिली होती, मला तेव्हा सुट्टीचं माहीत नव्हतं.

निवृत्त सिस्टर
पहिलं बघा. २४ सप्टेंबरपासून २८ दिवस म्हणजे बरोबर २२ ऑक्टोबर. १८ला बोलावलंत तर २४च दिवस होतात, त्या चार दिवसांच्या सवलतीच्या अगदी कडेवर. त्यात कुणी कार्डावर तारीख एक दिवस इकडेतिकडे लिहिली असेल तर डोस बाद. शनिवारी २५ला द्या, ३१ दिवस होतील, काही बिघडत नाही.

दुसरं, २१ला नऊ महिने पूर्ण होतात. त्याच्या आधी नको, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती बाळाच्या अंगात असते आणि तेवढ्या प्रमाणात लस कमी लागू पडते. २५लाच. अर्थात गावात गोवरची साथ चालू असेल तर गोष्ट वेगळी, ते सर ठरवतील.

आता तिसरं, हे २५ला अजिबात ढकलू नका. रोटाव्हायरसचे, म्हणजे जुलाबावरचे थेंब, त्याचा पहिला डोस बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात १४ आठवडे ६ दिवसांच्या आत द्यायचा असतो. १० जुलैपासून मोजा, तो दिवस २२ ऑक्टोबरला येतो. तुमची सुट्टी त्याच्यावरच बसलीय! तुम्ही उघडाल तेव्हा वेळ टळलेली असणार. १८च्या आत, खरं तर उद्या-परवाच बोलवा, त्याच्या बाकीच्या लसीही आधीच लांबल्यात, त्याला दिवाळीची वाट बघायचं कारणच नाही.

पुणेरी बाबा (दोन मुलींचा)
पण सिस्टर, सरकारी दवाखान्यात रोटाव्हायरस वर्षापर्यंत सुरू करतात की. माझ्या मेहुणीच्या मुलाला सहाव्या महिन्यात पहिला डोस दिला. मग हे १४ आठवडे कुठून आलं?

निवृत्त सिस्टर
तेही खरं आहे, सरकारी कार्यक्रमात पहिला डोस वर्षाच्या आत चालतो, मी स्वतः दिलेत. वयाची अट घातली ती आतड्यात आतडं शिरण्याच्या भीतीने, हा त्रास बाळ मोठं होत जातं तसा एरवीही जास्त दिसतो. सरकारने हिशोब असा केला की जुलाबाने जास्त बाळं दगावतात, म्हणून उशिरा आलं तरी द्या. खाजगीत बरेचसे डॉक्टर १४ आठवडे ६ दिवसच धरतात. त्यांचे सर कुठलं धरतात ते मला माहीत नाही, पण रिसेप्शनने तो वाद अंगावर घेऊ नये, तारीख आधीची द्यावी म्हणजे प्रश्नच उरत नाही.

दातांच्या दवाखान्यातली
आमच्याकडे याच्या उलट आहे हो. रूट कॅनलचं काम अर्धं झालेलं, वर तात्पुरतं सिमेंट. असे पेशंट पलीकडे ढकलले की चकली चावताना सिमेंट निघतं आणि सुट्टीत फोन 🙏 म्हणून आम्ही अर्धवट कामवाले सगळे आधी ओढतो आणि नुसती तपासणी, सफाई वगैरे नंतर. आणि बाबांनी ब्रॉडकास्ट सांगितलं त्यावरून आठवलं, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ब्रॉडकास्ट पोचत नाही. पेशंट कशाला सेव्ह करतोय. ताई, तुमचा मागच्या वर्षीचा घोटाळा बहुतेक तोच.

रजिस्टरवाली ताई
अगं बाई!! ब्रॉडकास्टच केला होता मी. एक टिक येत होती आणि मला वाटलं नेट नसेल.

दातांच्या दवाखान्यातली
१७च तर नावं आहेत, फोन करा. उचलला नाही तर वेगळा मेसेज, उत्तर आलं की रजिस्टरमध्ये नव्या तारखेला लिहून जुनी खोडायची. "कळवलं" नाही लिहायचं, "हो म्हणाले" लिहायचं. आमच्याकडे यावरून भांडण झालंय.

निवृत्त सिस्टर
अजून दोन गोष्टी राहिल्या. ज्यांना आधी बोलवायचंय त्यांना १८च्या संध्याकाळी ठेवू नका. पेंटाव्हॅलंटने पहिल्या एक-दोन दिवसांत ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिरतं. शनिवारी सात वाजता दिली की रविवारी ताप, रविवारी तुमची एरवीची सुट्टी, सोमवारपासून दिवाळीची. १५-१६ला उरका. हो आणि तेच नोटिशीत पण धरा, तुम्ही २० ते २४ म्हणताय पण लोकांसाठी दवाखाना १९ ते २४ बंद आहे.

दुसरं म्हणजे नोटीस लावल्यावर येणारे. समजा १५ला कुत्रा चावलेलं पोर आलं आणि रेबीजची पहिली सुई तुम्ही दिलीत. तिसऱ्या दिवसाची १८ला येते ते ठीक, सातव्या दिवसाची २२ला. ती ना अलीकडे ना पलीकडे, ती त्याच दिवशी हवी. २२ला कुठे घ्यायची हे सरांनी जाण्याआधी ठरवून कार्डावर लिहून द्यायचं, सोबत कुठली लस आणि स्नायूत दिली की कातडीत तेही, कारण सरकारीत बहुतेक कातडीत देतात आणि पुढच्याला ते कळायला हवं.

आकाशकंदील७७
आत्ता नीट वाचलं, सॉरी ताई. इमर्जन्सी नंबर म्हणून १०८ लिहा की, फुकट ॲम्ब्युलन्स येते.

दातांच्या दवाखान्यातली
१०८ लिहाच, पण तेवढ्यावर भागत नाही. रात्री ताप आलेल्या बाळासाठी कोण ॲम्ब्युलन्स बोलावतंय. गावातल्या दुसऱ्या एका बालरोगतज्ज्ञांना सरांनी स्वतः फोन करून "या पाच दिवसांत माझे पेशंट बघाल का" विचारायला हवं, ते हो म्हणाले तरच त्यांचं नाव आणि वेळ. न विचारता नाव टाकलं की तेही चिडतात. आणि स्वतःचा मोबाईल टाकू नका, पेशंट औषधाचे थेंब तुम्हालाच विचारणार.

रजिस्टरवाली ताई
दुपारी बसून लिहिलं, बघा बरं:

"दिवाळीनिमित्त क्लिनिक रविवार १९ ते शुक्रवार २४ ऑक्टोबर बंद राहील. शनिवार १८ला सकाळी १० ते दीड आणि संध्याकाळी साडेपाच ते ८ चालू. शनिवार २५ला सकाळी १० वाजता पुन्हा सुरू. या काळात अपॉइंटमेंट असलेल्यांना आम्ही फोन करून नवी तारीख देत आहोत. १२ तारखेपर्यंत फोन आला नाही तर कृपया रिसेप्शनला विचारा. लसीची तारीख स्वतःहून आधी घेऊ नका, कार्ड दाखवून विचारा. कुत्रा किंवा मांजर चावल्यास सुट्टी संपायची वाट बघू नका, लगेच सिव्हिल हॉस्पिटलला जा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप, झटके, धाप लागणे, दूध न पिणे किंवा फटाक्याने भाजणे, यासाठी थेट २४ तास चालू असलेल्या हॉस्पिटलला जा, ॲम्ब्युलन्स १०८. इतर त्रासासाठी डॉ. ______, वेळ ______."

ती रिकामी जागा अजून रिकामीच आहे. सरांना विचारलं तर म्हणाले "बघतो", आणि ज्यांना विचारायचं तेही दिवाळीत कोकणात जातात असं त्यांच्याकडची मुलगी म्हणाली.

जुलैवाल्या बाळाच्या आईला लावला फोन, उद्या अकराला येतेय. बाकी १६ फोन आहेत.

निवृत्त सिस्टर
छान लिहिलंय. भाजण्यापाशी एक ओळ वाढवा, वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा, टूथपेस्ट लावू नका. दरवर्षी पेस्ट लावलेलीच पोरं येतात. आणि फ्रिजचं काय केलंत? सहा दिवस बंद दवाखान्यात लाईट गेली तर लसी २ ते ८ डिग्रीत राहणार कशा, कुणी रोज बघणार आहे का?

रजिस्टरवाली ताई
फ्रिजची किल्ली माझ्याकडेच आहे 🙈