शब्दचर्चा: वैद्यकातील 'शॉक' आणि त्यातील 'वितरण'

अनुवादिका

परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका पाठाचा अनुवाद करताना मी 'शॉक' या शब्दापाशी अडले आहे. पाठात त्याचे चार प्रकार आहेत. अंगातील रक्त किंवा द्रव घटल्याने होणाऱ्या हायपोव्होलेमिक शॉकला मी 'रक्तन्यूनताजन्य' म्हटले, हृदयाची ताकद गेल्याने होणाऱ्या कार्डिओजेनिकला 'हृदयजन्य' आणि रक्ताची वाट अडल्याने होणाऱ्या ऑब्स्ट्रक्टिव्हला 'अवरोधजन्य'. चौथा डिस्ट्रिब्युटिव्ह. त्याला 'वितरणजन्य' म्हटले तर काय वाटले जात आहे आणि कोणाला, हे वाचणाऱ्याला कळणार नाही अशी मला शंका आहे. शिवाय मुळात 'शॉक'ला 'आघात' म्हणावे की 'धक्का', हाही प्रश्न आहेच.

कोशप्रेमी वाचक

'आघात' घेऊ नये, कारण पक्षाघात आणि शारीरिक इजा या दोन्ही अर्थांनी तो आधीच गुंतलेला आहे. 'धक्का' मूळ अर्थाच्या जवळ जातो. ल द्रां या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी १७३७ साली बंदुकीच्या जखमांवर ग्रंथ लिहिला आणि १७४३ च्या त्याच्या इंग्रजी भाषांतरातून हा शब्द वैद्यकात आला असे मानतात; तेथे अभिप्रेत होता तो गोळी लागल्याने शरीराला बसणारा हादराच. आज मात्र शब्दाने हादऱ्याचा अर्थ सोडला आहे. चारही प्रकारांत रक्तदाब कोसळतो, तेव्हा सरळ 'रक्तदाबपात' म्हणावे, असे मी सुचवतो.

एक वाचक

मला वेगळीच शंका आहे. माझे वडील अतिदक्षता विभागात असताना त्यांना दोनदा शॉक दिला आणि त्यानंतर त्यांचे हृदय नीट चालू लागले. शॉक हा जर आजार असेल, तर तो उपचार म्हणून कसा देतात?

अतिदक्षता विभागातील डॉक्टर

आपल्या वडिलांना दिला तो विजेचा झटका. हृदयाचा ताल बिघडला असता तो पूर्ववत करण्यासाठी तो देतात. येथे चर्चा चालली आहे ती पेशींना पुरेसा प्राणवायू न पोहोचण्याच्या अवस्थेची. मात्र आपला गोंधळ अस्थानी नाही, कारण मोठ्या हृदयविकारात रुग्ण 'शॉकमध्ये' असतो आणि त्याच दिवशी त्याला 'शॉक' द्यावाही लागतो. नातेवाइकांशी बोलताना आम्हाला हा फरक दर वेळी उलगडून सांगावा लागतो.

'रक्तदाबपात' मात्र मला मान्य नाही. सुमारे ५ लिटर रक्त असलेल्या तरुण माणसाचे सव्वा लिटर रक्त वाहून गेले, तरी त्याच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, नाडी जलद होते आणि वरचा रक्तदाब बराच वेळ जागेवर राहतो. त्या वेळी त्याचे हातपाय गार पडलेले असतात, लघवी कमी झालेली असते आणि आतड्यांचा रक्तपुरवठा घटू लागलेला असतो. शॉक सुरू झालेला असतो, फक्त आकड्यात दिसत नसतो. दाब घसरेपर्यंत थांबायला शिकवणारे नाव विद्यार्थ्यांना देऊ नये.

परिचारिका

डॉक्टरांनी गार हातांचा उल्लेख केला म्हणून माझा अनुभव लिहिते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मूत्रमार्गाच्या संसर्गाने भरती झालेले सुमारे ७० किलो वजनाचे एक गृहस्थ माझ्याकडे होते. रक्तदाब ८४/४०, नाडी ११८, तासाभरात लघवी जेमतेम १५ मिलिलिटर. पण हात उबदार आणि चेहरा लालसर. शॉकमध्ये अंग गार पडते असे मी पाठ केले होते, त्यामुळे दाबाचा पट्टा नीट बसला नसावा असे समजून मी दोनदा पुन्हा मोजण्यात वेळ घालवला. पट्टा नीटच बसला होता. रक्त वाहिलेले नाही, हृदय जोराने चालले आहे, मग कमी काय पडले, हे मला तेव्हा कळले नव्हते.

अतिदक्षता विभागातील डॉक्टर

हा तुमच्या चौथ्या प्रकाराचा अगदी नमुनेदार रुग्ण आहे, आणि 'वितरण' हा शब्द का वापरतात ते यातून दिसते.

८४/४० या दाबाची सरासरी सुमारे ५५ येते, कारण हृदय आकुंचन पावण्यापेक्षा सैल राहण्यात अधिक वेळ घालवते आणि म्हणून खालच्या आकड्याला दुप्पट वजन द्यावे लागते. उपचारात ही सरासरी निदान ६५ वर ठेवण्याचा प्रयत्न असतो. संसर्गाने पेटलेल्या दाहामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात. सुरुवातीला रक्त जवळपास तेवढेच असते, पण त्याला धरून ठेवणारे भांडे मोठे झालेले असते. सैल शिरांमध्ये रक्त साचून राहते, हृदयाकडे कमी परतते, आणि धमन्यांत रक्त पुढे ढकलायला लागणारा ताण उरत नाही. त्वचेच्या वाहिन्याही उघडलेल्या असल्याने हात उबदार लागतात.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एकूण प्रवाह चांगला असूनही काही सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त भरभर निघून जाते आणि शेजारच्या कोरड्या राहतात. अशा रुग्णाच्या हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात कधी कधी अपेक्षेपेक्षा जास्त प्राणवायू शिल्लक सापडतो, कारण तो पेशींना दिलाच गेलेला नसतो. एकाच वेळी लॅक्टेट, म्हणजे प्राणवायू कमी पडला की पेशींत साचणारा पदार्थ, मात्र वाढलेले असते. तेव्हा चुकलेले असते ते वाटपच.

त्या गृहस्थांना पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर, म्हणजे साधारण २ लिटर सलाईन, प्रतिजैविक आणि गरज पडल्यास वाहिन्या आवळणारे नॉरॲड्रेनालिन, हा मार्ग ठरतो. हृदयजन्य शॉकमध्ये तेवढेच सलाईन धावते दिले तर दुबळ्या हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही आणि फुप्फुसांत पाणी भरते. नावात कारण असावे लागते ते यासाठी.

अनुवादिका

मग अवरोधजन्य हा हृदयजन्यचाच उपप्रकार का नाही? हृदयातून रक्त बाहेर पडत नाही, ही गोष्ट दोन्हींत सारखीच आहे.

अतिदक्षता विभागातील डॉक्टर

जुन्या वर्गीकरणांत अवरोधाला वेगळे घर नव्हते. हे चार गट १९७२ मध्ये हिन्शॉ आणि कॉक्स यांनी मांडले. अवरोधात हृदयाचा स्नायू धडधाकट असू शकतो. हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचले तर बाहेरून दाबलेले हृदय भरतच नाही, आणि न भरलेले हृदय कितीही जोराने आकुंचन पावले तरी पुढे थोडेच जाते. छातीत कोंडलेली हवा किंवा फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली मोठी गुठळी हेच वेगळ्या जागी करते. रक्तस्रावाने शॉकमध्ये गेलेल्या माणसाच्या मानेच्या शिरा चपट्या असतात, तर येथे त्या बहुधा फुगलेल्या दिसतात. पण रक्तही गेले असेल तर ही खूण फसवते. हृदयाभोवतीचे रक्त सुईने काढले की काही मिनिटांत दाब सुधारू शकतो. आजारी स्नायूच्या बाबतीत असे घडत नाही.

कोशप्रेमी वाचक

'रक्तदाबपात' मी मागे घेतो. चौथ्या प्रकाराला 'वाहिनीशैथिल्यजन्य' म्हटले तर? तीव्र ॲलर्जी आणि मज्जारज्जूची इजा यांतही वाहिन्याच सैल पडतात, म्हणजे तिन्ही कारणे एका नावाखाली येतील.

अतिदक्षता विभागातील डॉक्टर

ऐकायला नेमके आहे, पण त्यात फक्त सैल पडण्याचा भाग येतो; सूक्ष्म वाहिन्यांतील चुकलेले वाटप सुटते. मी 'वितरणदोषजन्य' म्हणेन. 'दोष' जोडला की काहीतरी चुकीचे वाटले जात आहे, हे तरी कळते.

अनुवादिका

'शॉक' मी तसाच ठेवते, कारण 'पेशंट शॉकमध्ये गेला' हे मराठीच झाले आहे. 'वितरणदोषजन्य' पाठात घालून पाहते, पण तो विद्यार्थ्यांच्या तोंडी बसेल याची मला खात्री नाही.

परिचारिका

माझ्या त्या रुग्णाचे हातही दुसऱ्या दिवशी गार पडले होते. सूक्ष्म वाहिन्यांतून द्रव पाझरून रक्ताचे प्रमाण खरोखरच घटले आहे आणि संसर्गाने हृदयही मंदावले आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणजे चारपैकी तीन नावे एकाच माणसाला लागू होत होती. अशा वेळी नोंदवहीत काय लिहायचे, तेही पाठात असावे.