शब्दचर्चा : ‘सरासरी पातळी नियंत्रण’ – सरासरी नेमकी कशाची?

अंबडची अनुवादक

सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका अन्नप्रक्रिया कारखान्याच्या सांडपाणी विभागासाठी मी चालकांची मराठी पुस्तिका तयार करीत आहे. उत्पादन विभागातून येणारे पाणी आधी एका मोठ्या टाकीत जमा होते आणि तेथून पंपाने जैविक प्रक्रियेकडे जाते. या टाकीच्या नियंत्रणाला तेथील अभियंते ‘ॲव्हरेजिंग लेव्हल कंट्रोल’ म्हणतात. मी त्याचे ‘सरासरी पातळी नियंत्रण’ असे भाषांतर केले. मसुदा वाचून एका चालकाने विचारले, “म्हणजे दिवसभराची सरासरी पातळी २ मीटर ठेवायची ना?” अभियंत्यांनी हे साफ चुकीचे असल्याचे सांगितले, पण बरोबर शब्द कोणता हे मात्र सांगितले नाही. आपण काय सुचवाल?

गोदाकाठ

माझ्या समजुतीनुसार यातील सरासरी ही वाचनाची आहे. टाकीत पाणी वरून पडत असल्यामुळे पृष्ठभाग हेलकावतो आणि पातळीमापकाचा आकडा सारखा नाचतो. आमच्याकडे त्यावर शेवटच्या ३० सेकंदांच्या वाचनांची सरासरी घेऊन तीच नियंत्रकाला देतात. तेव्हा ‘सरासरी पातळी’ हा शब्द योग्यच आहे. फार तर ‘सरासरी पातळीवर आधारित नियंत्रण’ असे म्हणावे.

जुना पॅनेलवाला

गोदाकाठ यांनी सांगितलेली सोय खरी आहे आणि ती उपयोगाचीही आहे, पण ती गोष्ट वेगळी. या दोन्ही गैरसमजांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे मराठीत ‘सरासरी’ हे विशेषण ‘पातळी’ला चिकटले आहे. प्रत्यक्षात सरासरी काढली जाते ती प्रवाहाची आणि ती काढते टाकी. येणारे पाणी कधी धो धो, कधी बारीक येते; टाकी ते चढउतार स्वतःच्या पोटात घेते आणि पुढे शक्य तितकी एकसारखी धार सोडते. त्यासाठी पातळीने वर-खाली झालेच पाहिजे. पातळी एका जागी खिळवून ठेवली, तर जे आत आले तेच त्या क्षणी बाहेर गेले पाहिजे, म्हणजे टाकी असून नसल्यासारखी झाली.

अनुवादकताईंच्या कारखान्यातील आकडे मला ठाऊक नाहीत, म्हणून मी माझ्या सोयीचे घेतो. टाकी ४ मीटर खोल असून तिचा तळ २० चौरस मीटर आहे. भांडी धुण्याच्या वेळी २ तास ताशी २० घनमीटर पाणी येते, नंतरचे ४ तास ताशी ५ घनमीटर, आणि हेच चक्र पुन्हा पुन्हा चालते. सहा तासांत ६० घनमीटर, म्हणजे सरासरी ताशी १० घनमीटर. पातळी २ मीटरवर घट्ट धरली, तर पुढच्या टाक्यांनाही आलटून पालटून २० आणि ५ असाच मारा सोसावा लागतो. २० च्या दोन तासांत निवळणी टाकीतला गाळ बसत नाही आणि पाण्याबरोबर काठावरून निघून जातो. पडद्यावर मात्र पातळीची रेषा सरळ दिसते, म्हणून सगळे खूश.

आता नियंत्रकाला एवढेच सांगा, की पातळी २ मीटर असताना ताशी १० घनमीटर सोड आणि पातळी दर १२ सेंटीमीटर चढली की १ घनमीटर वाढव, तेवढीच उतरली की १ कमी कर. हे चक्र काही वेळा फिरल्यावर बाहेरचा प्रवाह साधारण ६.७ आणि १४.२ यांच्या दरम्यान फिरू लागतो आणि पातळी १.६ ते २.५ मीटरमध्ये. प्रवाहातील १५ चा चढउतार निम्म्यावर आला, आणि त्याची किंमत म्हणून पातळीला जेमतेम ९० सेंटीमीटर हलू दिले.

पंचवटीकर

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरील टाकीचा हाच त्रास आहे. बॉलकॉक बसवला आहे, तरी सकाळी सात वाजता पातळी निम्म्यावर येते आणि चौथ्या मजल्यावर धार बारीक होते. हे सैल नियंत्रण तेथे लावल्यास सुधारणा होईल का? नाहीतरी गंगापूर धरणाचेही असेच असते. पावसाळ्यात पातळी चढू देतात आणि विसर्ग बेताने करतात, म्हणजे दुतोंड्या मारुतीपर्यंत पाणी एकदम चढत नाही.

जुना पॅनेलवाला

सोसायटीचा प्रश्न उलटा आहे. तेथे बाहेर जाणारे पाणी रहिवाशांच्या हातात असते आणि बॉलकॉक फक्त आत येणारे अडवतो, त्यामुळे तेथे गुळगुळीत करण्यासारखा बाहेरचा प्रवाहच आपल्या ताब्यात नाही. धरणाचा दाखला मात्र चालकांना चटकन पटेल. फरक इतकाच, की धरणावर विसर्गाचा निर्णय माणसे पावसाचा अंदाज पाहून घेतात. आपल्या नियंत्रकाला उद्याचे काही कळत नाही, त्याला फक्त या क्षणाची पातळी दिसते.

उंबरठा

‘विसर्ग’ हा शब्द येथे फार नेमका आहे. नाशिककरांना तो क्युसेकच्या आकड्यांसह पाठ असतो, आणि तो ऐकून व्याकरणातील दोन टिंबे आठवणारे माझ्यासारखे थोडेच. म्हणून मी ‘विसर्ग-समकारी पातळी नियंत्रण’ असे सुचवीन. ‘समकारी’ म्हणजे सम करणारे. काय सम करायचे ते आधीच्या पदात आले. ‘पातळी’ शेवटच्या पदाशी राहते, कारण मोजली जाते ती पातळीच.

दुसरी शंका ‘इष्ट पातळी’ या शब्दाविषयी आहे. सेटपॉइंटला आपण तो प्रतिशब्द वापरतो. पण टाकी १.६ वर असो की २.५ वर, दोन्ही चालणार असेल, तर २ मीटर ही ‘इष्ट’ कशी? चालकाने तो शब्द वाचला, की पातळी तेथे आणण्यासाठी तो हाताने पंप वाढवणारच.

गोदाकाठ

माझी चूक मान्य आहे. पण मग यात कठीण ते काय, हे मला कळले नाही. गेन, म्हणजे पातळी हलली की नियंत्रक विसर्ग किती बदलतो ते प्रमाण, कमी करायचा, नियंत्रण आपोआप सैल होते. आमच्या एका टाकीवर मी नेमके हेच केले होते. मात्र तेथे पातळी शांत होण्याऐवजी तासन्‌तास झोके घेऊ लागली आणि शेवटी साहेबांनी जुना आकडा परत घालायला लावला. बहुधा व्हॉल्व्ह अडकत असावा.

जुना पॅनेलवाला

व्हॉल्व्हवर आरोप ठेवण्याआधी सांगा, गेनबरोबर रीसेटचा वेळ, म्हणजे चूक साठवत नेऊन ती भरून काढणाऱ्या इंटिग्रल भागाचा वेळ, वाढवला होता का? मी वर दिलेल्या उदाहरणात रीसेट अजिबात नाही. पातळी आणि विसर्ग यांचे सरळ प्रमाण आहे, बस. बहुतेक ठिकाणी मात्र नियंत्रकात इंटिग्रल चालू असतो आणि त्याचा एकच ध्यास असतो, पातळीला सेटपॉइंटवर परत आणणे. प्रवाहासारख्या चपळ फेऱ्यात गेन कमी केला की झोके कमी होतात, म्हणून आपला हात तिकडेच वळतो. टाकीचे तसे नाही, कारण टाकी स्वतःच पाणी साठवत जाते आणि इंटिग्रलही चूक साठवत जातो. अशा दोन साठवणाऱ्यांना आवर घालणारा गेन जितका कमी कराल, तितके झोके मोठे आणि लांब.

माझ्याच उदाहरणात १२ सेंटीमीटरचे प्रमाण तसेच ठेवून रीसेट १५ मिनिटांचा ठेवला, तर जवळजवळ ५ तासांचा एक, असे हळूहळू विरणारे झोके येतील, आणि धुण्याचे चक्र ६ तासांचे असल्यामुळे ते विरण्याआधीच नवा धक्का बसेल. झोके जवळजवळ नकोच असतील, तर त्या गेनला रीसेट सुमारे १० तासांचा हवा. हा आकडा ऐकून लोक हसतात, आणि काही नियंत्रकांत तो भरताही येत नाही.

व्हॉल्व्हचा दोष आहे की रीसेटचा, हे ओळखायचे असेल तर आलेख पाहा. अडकणारा व्हॉल्व्ह स्वतःची हालचाल पायरीपायरीने दाखवतो आणि पातळी करवतीच्या दात्यांसारखी दिसते. रीसेटमुळे येणारा झोका गुळगुळीत असतो, आणि नियंत्रक हातावर घेऊन विसर्ग एका आकड्यावर ठेवला, की तो झोका थांबतो. मग पातळी फक्त आवक-जावकीच्या फरकाने सरकते. अर्थात हातावर घेतल्याने अडकणाऱ्या व्हॉल्व्हचा झोकाही थांबतो, म्हणून केवळ या परीक्षेवर विसंबू नका. आधी आलेखाचा आकार पाहा.

गोदाकाठ

रीसेट ८ मिनिटे होता आणि मी त्याला हात लावला नव्हता. आलेख गुळगुळीत होता.

अंबडची अनुवादक

मग गेन आणखी कमी का करत नाहीत? १२ ऐवजी २४ सेंटीमीटरला १ घनमीटर असे केले, तर विसर्ग अधिकच एकसारखा होईल ना?

जुना पॅनेलवाला

होईल. नेहमीच्या चक्रात विसर्ग साधारण ८.१ ते १२.२ इतकाच फिरेल, आणि पातळी तरीही एका मीटरच्या आतच हलेल. म्हणूनच हा मोह होतो. पण एखाद्या दिवशी धुण्याचे काम लांबले आणि ताशी २० घनमीटर पाणी येतच राहिले, तर विसर्ग २० होण्यासाठी पातळीला २ मीटरच्या वर आणखी २४० सेंटीमीटर चढावे लागेल. म्हणजे ४.४ मीटर, आणि टाकी तर ४ मीटरची. १२ च्या प्रमाणात तीच पातळी ३.२ मीटरवर थांबते. तेव्हा आधी सर्वांत वाईट आणि सर्वांत लांब चालणारी आवक किती, हे ठरवायचे, आणि मग त्या आवकेत टाकी उतू जाणार नाही इतकाच सैलपणा द्यायचा. काही जण मधल्या भागात गेन कमी आणि काठांजवळ जास्त ठेवतात. मला ते पटते, पण माझ्या एका सहकाऱ्याच्या मते त्यामुळे ऐन गर्दीतच विसर्ग उसळतो. त्याचेही खोटे नाही.

उंबरठा

तर मग ‘इष्ट पातळी’ऐवजी ‘मध्य पातळी’ म्हणावे आणि तिच्यासोबत ‘मुभा’ हा शब्द घ्यावा. ‘मध्य पातळी २ मीटर, मुभा ०.८ ते ३.२ मीटर’ असे लिहिल्यास चालक २.५ पाहून घाबरणार नाही.

अंबडची अनुवादक

‘मुभा’ मी घेत आहे. पुस्तिकेत सध्या असे लिहिले आहे : “या टाकीची पातळी मुभेच्या आत वर-खाली होणे अपेक्षित आहे. पातळी मुभेत असताना विसर्ग हाताने बदलू नये.” शीर्षकात ‘विसर्ग-समकारी’ ठेवावे की सरळ ‘सैल पातळी नियंत्रण’ म्हणावे, हे माझे अजून ठरलेले नाही. अभियंत्यांना पहिला शब्द जड वाटतो आणि व्यवस्थापकांना दुसरा शब्द निष्काळजीपणाचा वाटतो.

जुना पॅनेलवाला

‘सैल’ला माझी हरकत नाही, पॅनेलवर आम्ही ‘ढिला लूप’च म्हणत होतो. पण तुमच्या दुसऱ्या वाक्यात एक भर हवी. पंप बंद पडला तर काही वेळ, आणि पातळीमापकाचा आकडा एका जागी गोठला तर सतत, पडद्यावर पातळी मुभेतच दिसेल. सहा तासांत जिची पातळी अजिबात हलली नाही अशी टाकी दिसली, तर चालकाने टाकीवर जाऊन डोळ्यांनी पाहावे, असे लिहा.