दोन रकान्यांचं इतिवृत्त: मराठी धरायचं की इंग्रजी?

नवी सचिव: आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी असतं. गेल्या सभेत रंगकामाचं कोटेशन आलं. मराठी रकान्यात लिहिलंय ‘दरपत्रकास मान्यता देण्यात आली’, इंग्रजीत फक्त ‘नोटेड’. ठेकेदार मराठी दाखवून आगाऊ रक्कम मागतोय, खजिनदार इंग्रजीवर बोट ठेवून चेक अडवून बसलेत. कोणतं धरायचं?

कायदाप्रेमी: इंग्रजी. राज्यघटनेचं कलम 348 बघा. विधिमंडळाने कायदा मराठीत केला तरी राज्यपालांच्या अधिकाराने राजपत्रात आलेला इंग्रजी अनुवादच अधिकृत पाठ.

जुना चिटणीस: कलम बरोबर, पण ते विधेयकं, कायदे, नियम यांचं. सोसायटीच्या वहीला ते लागत नाही. इतिवृत्त म्हणजे ठरावाची नोंद. ठराव झाला तो सभेत. तेव्हा हात कशावर वर झाले ते आधी शोधा. मान्यता दिली असेल तर सूचक, अनुमोदक आणि रक्कम लिहिलेली सापडेल. नुसती नोंद घ्यायला यातलं काहीच लागत नाही.

नवी सचिव: सूचक नाही, रक्कमही नाही. कच्च्या टिपणात माझ्याच अक्षरात आहे, ‘कोटेशन वाचलं, अजून दोन मागवू.’

जुना चिटणीस: मग चूक मराठी रकान्यात झाली. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्याआधी ती सभेपुढे सांगा. जुने शब्द वाचता येतील असे एका रेघेने खोडा, वर ‘नोंद घेण्यात आली’ लिहा, शेजारी अध्यक्षांची सही आणि तारीख. व्हाइटनर लावलात की ठेकेदार म्हणणार, मागाहून बदललं.

टू बीएचके: आमचे रकाने तर प्रिंटमध्ये खालीवर सरकतात. दोन वेगळ्या वह्याच ठेवा की!

जुना चिटणीस: नको. समोरासमोर होतं म्हणून तर हा फरक दिसला. दोन्हीकडे ठरावाचा एकच क्रमांक टाका, सरकलं तरी जोडी तुटणार नाही.

तिसरा मजला: म्हणजे शेवटी इंग्रजीच वरचढ! आमचे निम्मे सभासद मराठी ऐकून हात वर करतात, इंग्रजी रकाना वाचतही नाहीत. यापुढे मराठीच ग्राह्य, असा ठराव करून टाका.

जुना चिटणीस: सभा मराठीत चालत असेल तर जरूर करा. रकान्यांच्या डोक्यावरच ‘मूळ’ आणि ‘भाषांतर’ छापा. मागच्या इतिवृत्तांना मात्र हा नियम लावू नका. ती लिहिताना तसं काही ठरलं नव्हतं.

कायदाप्रेमी: आणि आर्किटेक्टची अट इंग्रजी अहवालातून जशीच्या तशी ठरावात घेतली तर मूळ कोणतं?

जुना चिटणीस: तेवढ्या ओळीपुरतं इंग्रजी, आणि तसं तिथेच लिहायचं. मी तरी असंच करायचो.

तिसरा मजला: गळतीची हमी किती वर्षांची हे नेमकं त्याच ओळीत असतं. ज्यांचं छत गळतं त्यांनी ते न वाचता हात वर करायचा? मला नाही पटत.