साठेखतातला ‘विसार’ इंग्रजी तक्त्यात कसा मांडावा?

शाईदौत: जमिनीच्या नोंदणीकृत साठेखतावरून इंग्रजी तक्ता करून द्यायचा आहे. मराठीत ‘एकूण मोबदला रु. 48,00,000, पैकी विसार रु. 5,00,000 आज रोजी पोहोचले’ असं आहे. शेवटच्या दोन पानांवर इंग्रजी कलमं आहेत, त्यांत त्याच पाच लाखांना अ‍ॅडव्हान्स म्हटलंय. कोणता शब्द घेऊ?

कोपरा: विसार म्हणजे अ‍ॅडव्हान्सच की. इसार, बयाणा, सगळं एकच. डोक्याला ताप कशाला?

टाक: बोलताना चालतं, दस्तात अंगाशी येतं. विसार ही सौदा पक्का केल्याची खूण. सौदा पुरा झाला तर तो मोबदल्यात वळता होतो, घेणाऱ्याने मोडला तर जप्त होऊ शकतो. नुसता आगाऊ हप्ता असेल तर तो तसा जप्त करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक मानलाय. त्यामुळे नावावर जाऊ नका, जप्तीचं वाक्य शोधा.

शाईदौत: सापडलं. मराठी कलम 6: ‘लिहून घेणार यांनी मुदतीत खरेदीखत करून न घेतल्यास विसार जप्त होईल.’ पण इंग्रजी कलम 4 म्हणतं, रक्कम परत मिळेल. शिवाय तिथे लिहून घेणाऱ्याला ‘लायसेन्सी’ म्हटलंय!

टाक: म्हणजे भाडेकरारातून उचलून चिकटवलेलं दिसतंय. तरी तुम्ही गाळू नका. तफावत झाल्यास कोणता मजकूर ग्राह्य, असं कलम नसेल तर ओळ अशी लिहा:

```
Earnest money (visar) | Rs 5,00,000 | Marathi cl. 6: forfeited; English cl. 4: refundable | CONFLICT
```

ओसरी: आमच्या फ्लॅटच्या सूची क्रमांक 2 वर मोबदला एक आणि बाजारभाव त्याहून जास्त होता. तक्ता करणाऱ्याने बाजारभावच किंमत म्हणून टाकला. तुमचंही तसंच झालं असेल.

टाक: तो प्रश्न वेगळा, पण रकाने दोन हवेतच. मोबदला म्हणजे उभयतांत ठरलेली रक्कम. बाजारभाव रेडी रेकनरवरून काढतात आणि दोन्हींतल्या जास्त रकमेवर मुद्रांक शुल्क लागतं. जप्तीच्या अटींसाठी मात्र सूची 2 पुरत नाही, मूळ दस्तच उघडावा लागतो. शाईदौत, इंग्रजी पानांवर दस्त क्रमांकाचा आणि पान क्रमांकाचा शिक्का आहे का?

शाईदौत: आहे, बाकीच्या पानांसारखाच. पण सही फक्त लिहून देणाऱ्याची. तफावतीचं कलम कुठेच नाही.

कोपरा: मग ती पानं सोडा ना! एकाच्या सहीला काय अर्थ?

टाक: शिक्का आहे म्हणजे नोंदणीत ती पानं धरली आहेत. एका सहीने ती बंधनकारक होतात का, हे वकिलाने सांगावं. शेऱ्याच्या रकान्यात ‘एकाच पक्षाची सही’ एवढं इंग्रजीत लिहून तक्ता त्यांच्याकडे पाठवा.

कोपरा: मी तरी सोडली असती.