मदत हवी आहे: फुल अँड फायनलवर सही केली, ग्रॅच्युइटी बुडाली का?

नमस्कार मंडळी. माझा भाऊ सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नऊ वर्षं कायम कामगार होता. गेल्या महिन्यात राजीनामा दिला. 'सही केल्याशिवाय चेक नाही' म्हणाले, म्हणून 'आता माझं काहीही येणं बाकी नाही' अशा कागदावर त्याने सही केली. हिशोबात ग्रॅच्युइटीच नाही! मूळ पगार अधिक महागाई भत्ता १८,२००; म्हणजे १८,२०० × १५ ÷ २६ × ९ = ९४,५०० रुपये.

ग्रॅच्युइटी कायद्याने मिळते, ती अशा सहीने सोडता येत नाही, एवढं माहीत आहे. पण ओव्हरटाइमचेही पैसे राहिलेत. तिथे हा कागद आड येईल का? सही दबावाखाली घेतली हे कसं दाखवायचं? चेक अजून वटवलेला नाही. 'हक्क राखून स्वीकारतो' असं लेखी कळवून भरावा का? नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात कुणी असा अर्ज केलाय का?