केळीच्या घडाचे दहा आकडे, २४ किलोचा दावा आणि ५ टक्के पातळी: दावा फेटाळायचा की नाही?

यावलची लेक: बाबांच्या वहीतल्या पानाचा फोटो जोडलाय. आमच्या कांदेबागेतल्या, म्हणजे पावसाळा सरल्यावर लावलेल्या केळीच्या, दहा घडांची वजनं आहेत, किलोत. मी वाचली तशी लिहिते: २०.५, २४, २२.५, २५.५, २३, २४.५, २९, २३.५, २२, २३. रोपवाटिकेच्या पत्रकावर ‘सरासरी घड २४ किलो’ छापलंय. प्रॅक्टिकलमध्ये एवढंच आहे की ‘दावा ५ टक्के सार्थकता पातळीवर तपासा’. टी-चाचणीत माझा टी −०.३४ आला, म्हणजे दावा खरा ठरला ना? बाबा मानायलाच तयार नाहीत.

भुसावळचे मास्तर: टी काढण्याआधी फोटो मोठा करून सातवा आकडा पाहा. बाकीचे नऊ घड २०.५ ते २५.५ मध्ये बसतात आणि एकटा २९. असा एखादा घड निघू शकतो, पण पान देवनागरीत लिहिलंय आणि देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. बाकी कुठल्याच वजनात एक नाही, त्यामुळे तुलना करायला दुसरा एक सापडणार नाही. खात्री करायची तर पानाच्या तळाशी बेरीज दिसते, अर्धी कापली गेली आहे, पण २२९.५ वाचता येते. तुझ्या आकड्यांची बेरीज २३७.५ होते. बरोबर आठ जास्त. तो २१ आहे.

आता सरासरी २२.९५ आणि प्रमाण विचलन १.५४.

t = (२२.९५ − २४) ÷ (१.५४ ÷ √१०) = −२.१६

एका अंकाने दोन गोष्टी बिघडल्या होत्या. सरासरी वर गेली होती, आणि तो एक घड लांब पडल्यामुळे विचलनही १.५४ चं २.३० झालं होतं. म्हणून टी जवळजवळ शून्यावर आला.

अमळनेरकर: मग झालंच की. दहा घड, म्हणजे एक कमी करून नऊ स्वातंत्र्य मात्रा; त्यांना टेबल व्हॅल्यू १.८३३. आपला २.१६ मोठा. नल, म्हणजे ‘खरी सरासरी २४’ ही शून्य परिकल्पना, फेटाळा; रोपवाटिका खोटी. ताई, बाबा बरोबर होते.

भुसावळचे मास्तर: १.८३३ ही एकाच बाजूची किंमत आहे. ‘दावा तपासा’ एवढंच विचारलं असेल, तर घड २४ पेक्षा हलका निघाला किंवा भारी निघाला, दोन्हीकडून दावा चुकतो. तेव्हा ५ टक्के दोन टोकांना अडीच-अडीच वाटले जातात आणि किंमत २.२६२ होते. २.१६ तिथे पोचत नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत लिहायचं: ५ टक्के पातळीवर शून्य परिकल्पना फेटाळता येत नाही.

अमळनेरकर: भाऊ मन्हा, कोणता शेतकरी घड भारी निघाला म्हणून तक्रार घेऊन जातो? शंका एकाच दिशेची आहे, तर चाचणीही एकाच दिशेची. दोन्ही बाजू धरायच्या म्हणजे जी तक्रार कोणी केलीच नाही तिच्यासाठी अर्धी पातळी खर्च करायची.

धुळे बीएस्सी: मास्तरांचं उत्तर पटतं. दोन बाजूंनी पी-मूल्य ०.०५९ येतं, म्हणजे दावा खरा असण्याची शक्यता ५.९ टक्के आहे. ती पाचाच्या वर आहे म्हणून २४ मान्य करायचे.

भुसावळचे मास्तर: निर्णय बरोबर आहे, कारण बरोबर नाही. खरी सरासरी २४ आहे असं धरून चाललो, तर दहा घडांत एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरातून सुमारे सहा वेळा दिसेल, असं ०.०५९ सांगतं. दावा खरा असण्याची शक्यता त्यातून निघत नाही. आणि ‘मान्य’ हा शब्द लिहू नकोस. २४ च्या जागी २२ ठेवून हीच चाचणी कर, टी १.९६ येतो आणि २२ सुद्धा फेटाळला जात नाही. एकाच पानावरून २२ आणि २४ दोन्ही खरे म्हणणार का? दहा घडांनी आपल्याला साधारण २१.८५ ते २४.०५ एवढा पट्टा दिलाय आणि २४ त्याच्या अगदी कडेला आहे.

अमळनेरकरांचा मुद्दा मात्र मी उडवून लावत नाही. बाजू वजनं बघण्याआधी ठरली असेल, तर एकबाजूची चाचणी रास्त आहे. ताई, बाबांना विचार, शंका कधी आली?

रावेरचा बागायतदार: एवढ्या आकडेमोडीत कोणी विचारलंच नाही की वजन दांड्यासकट आहे का नुसत्या फण्यांचं. माझ्याकडे मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेच्या, वेळी हाच वाद झाला होता. पत्रकातलं वजन एका पद्धतीचं आणि काट्यावरचं दुसऱ्या पद्धतीचं, दोघंही खरं बोलत होते. आणि पत्रकातले २४ मृगबागेचे का कांदेबागेचे? आपल्याकडच्या थंडीत वाढ अडकते, घड पोसत नाही. ते लिहिलंय का कुठे?

यावलची लेक: काका, बागेबद्दल पत्रकात काहीच नाही. वजन दांड्यासकट आहे. सर, बाबा म्हणतात की पहिला घड उचलताच हलका वाटला, काट्यावर २०.५ भरला, तेव्हा शंका आली. मग वही काढली आणि पुढचे नऊ मोजले. पानावर पहिला आकडा तोच आहे.

भुसावळचे मास्तर: मग गोष्ट बदलते. ज्या घडाने शंका दिली, त्यालाच पुन्हा साक्षीला उभं केलंय. पहिला घड भारी निघता तर वही उघडलीच नसती, म्हणजे तो या यादीत हलका असल्यामुळेच आला. एकबाजूची चाचणी करायची असेल, तर त्याला बाहेर ठेवून शंकेनंतर मोजलेल्या नऊ घडांवर करा. सरासरी २३.२२, विचलन १.३५, टी −१.७३. आठ मात्रांना एकबाजूची किंमत १.८६०. तरीही फेटाळला जात नाही.

अमळनेरकर: हे मला पटत नाही. सगळ्यात हलका घड काढून टाकायचा आणि मग म्हणायचं फरक दिसत नाही! तोही त्याच बागेतला, त्याच रोपांचा आहे ना? उद्या रोपवाटिकावाला हेच करील.

भुसावळचे मास्तर: हलका आहे म्हणून काढला असता तर तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा होता. तो शंकेच्या आधीचा आहे म्हणून काढला. पहिला घड २५.५ चा असता आणि शंका दुसऱ्याच कशाने आली असती, तरी शंकेआधीचा म्हणून तोही मी काढला असता.

अमळनेरकर: नियम समजला, पण नऊ घडांवर किलोभराची तूट पकडायला जाणं म्हणजे मोठ्या भोकांच्या चाळणीने रवा चाळणं. तूट खरी असली तरी निसटेल.

भुसावळचे मास्तर: हे मात्र मान्य. घडाघडांत दीड किलोचं विचलन असेल, तर एक किलोची तूट दोन बाजूंच्या चाचणीत पाचातून चार वेळा पकडायला वीस-बावीस घड लागतात. जुन्या दहांत भर घालून पुन्हा-पुन्हा टी काढायचा नाही, नाहीतर केव्हातरी तो रेषा ओलांडेलच आणि ५ टक्के पातळी नावापुरती राहील. नवे बावीस घ्यायचे, बाजू आधी वहीत लिहायची, सगळे मोजून झाल्यावर एकदाच हिशोब.

रावेरचा बागायतदार: आणि बावीसच्या बावीस बांधाच्या ओळीतले नकोत. कडेच्या झाडाला ऊनही जास्त आणि वाराही जास्त. आधीचे दहा कुठले होते, पोरी?

यावलची लेक: बाबा म्हणतात, गाडी जिथपर्यंत जाते तिथले. म्हणजे पहिल्या दोन ओळी. अजून तीसेक घड कापायचे बाकी आहेत. प्रॅक्टिकलच्या वहीत दोन बाजूंचा निर्णय लिहिते, २१ कसा ओळखला तेही लिहिते. नवीन पानावर दांडा वेगळा मोजू का, काका?

रावेरचा बागायतदार: दोन्ही मोज. आधी दांड्यासकट, मग फण्या उतरवून. आणि बेरीज कापू नकोस फोटोत.